मेसेज वाचणारा दुसरा माणूस

जुलैमध्ये शेवटच्या सेमिस्टरचे निकाल लागतात आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकाच साच्यातले मेसेज येऊ लागतात. "नमस्कार सर्वांना. मी नुकतेच इंजिनिअरिंग पूर्ण केले असून नोकरीच्या शोधात आहे. पुण्यात कुठेही, कोणतीही ओपनिंग असल्यास कृपया कळवावे. मी मेहनती असून शिकण्यास उत्सुक आहे. रेझ्युमे सोबत जोडला आहे." खाली दोन-तीन अंगठे येतात, एखादा "ऑल द बेस्ट" येतो. मग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होतात आणि मेसेज वर सरकून दिसेनासा होतो. मुलाला वाटतं, सीनियर लोकांना आपल्याशी काही देणंघेणं नाही. सीनियरला मात्र मनापासून मदत करायची असते. काय करावं हेच त्या मेसेजमधून त्याला कळलेलं नसतं.

या प्रकरणात आपण असा एकच मेसेज हातात घेऊ. कोल्हापूरच्या बाजूच्या एका कॉलेजातून २०२५ साली मेकॅनिकल झालेली एक मुलगी धरू. हे कल्पनेतलं उदाहरण आहे, पण कोल्हापूर, सांगली, कराडच्या पट्ट्यातल्या शेकडो मुलामुलींना आपलंच वाटेल असं आहे. तिला पुण्यातच नोकरी हवी आहे. थोरला भाऊ भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे, मोशीत भाड्याने राहतो, त्यामुळे राहण्याचा प्रश्न मिटलेला आहे. शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत तिने शिरोलीच्या एका फाउंड्रीत सहा आठवडे इंटर्नशिप केली आहे. ग्रुपवर सहाएकशे माजी विद्यार्थी आहेत, आणि त्यातले बरेच पुण्यात आहेत.

ग्रुपवर लिहिण्याचा काही उपयोग तरी होतो का, हे आधी पाहू. अमेरिकेतला समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर याने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ही जागा तुम्हाला कुणामुळे कळली आणि त्या माणसाशी तुमची गाठ कितीदा पडत असे. त्याचा लेख १९७३ साली आला आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, आणि २८ टक्क्यांना वर्षातून एकदा भेटला तर भेटला अशा माणसाकडून. कारण सरळ आहे. आपल्या जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. ही मुलगी आणि तिच्या वर्गातल्या मैत्रिणी एकच जाहिरात एकमेकींना पाठवत असतात. चार वर्षांपूर्वी पास होऊन चाकणला गेलेला सीनियर वेगळ्या माणसांत वावरतो, त्याच्या कानावर वेगळ्या गोष्टी येतात.

त्याच अभ्यासातली दुसरी आकडेवारी फारशी सांगितली जात नाही, आणि मला ती जास्त उपयोगाची वाटते. जागेची बातमी किती हातांतून आली, हेही ग्रॅनोव्हेटरने विचारलं होतं. ३९ टक्के वेळा ती नोकरी देणाऱ्याकडूनच थेट आली होती. ४५ टक्के वेळा मध्ये एकच माणूस होता. दोन माणसं मध्ये असण्याचं प्रमाण साडेबारा टक्के, आणि त्याहून लांबची साखळी जवळपास नाहीच. म्हणजे ओळखीतून मिळणाऱ्या नोकरीत बहुतेक वेळा आपण, मधला एक माणूस आणि जागा भरणारा, इतकीच मंडळी असतात.

ग्रुपवरचा मेसेज कसा लिहायचा, ते यातूनच कळतं. ग्रुपवर वाचणारा सीनियर हा मधला माणूस आहे. त्याच्या हातात जागा नसते. तो फार तर तो मेसेज आपल्या क्वालिटी मॅनेजरला किंवा एचआरला पुढे पाठवू शकतो. खरा निर्णय घेणारा हा दुसरा वाचक ग्रुपवर नाही, त्याला कॉलेजचं नावही माहीत नसेल, आणि तो शॉप फ्लोअरवर उभा राहून मोबाइलवर तो मजकूर वाचणार आहे. सीनियरला एक शब्दही न बदलता, मुलीला एकही प्रश्न न विचारता पुढे ढकलता येईल असा मेसेज हवा. वरच्या साच्यातला मेसेज पुढे ढकलता येत नाही. "आमच्या कॉलेजची एक मुलगी आहे, नोकरी शोधतेय" यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही. ब्रांच कोणती, काम कोणतं हवं, कधी येऊ शकेल, हे सगळं सीनियरने विचारून घ्यायचं. तो रात्री विचारू म्हणतो आणि विसरतो.

आता "कुठेही, कोणतीही" हे शब्द पाहू. लिहिणाऱ्याला वाटतं की अट जितकी कमी, तितक्या संधी जास्त. वाचणाऱ्याच्या डोक्यात उलट होतं. "कोणतीही ओपनिंग" वाचून काहीच आठवत नाही. "सप्लायर क्वालिटीत ट्रेनी" वाचलं की लगेच आठवतं, अरे, आमच्या सप्लायर क्वालिटीतला मुलगा गेल्याच महिन्यात सोडून गेला. नेमका शब्द दिल्याशिवाय माणसाची आठवण चाळवत नाही.

शहराचंही तसंच. नकाशावर पुणे एक शहर असलं, तरी मेकॅनिकलवाल्यासाठी ती चार-पाच वेगळी गावं आहेत. हिंजवडीत मुख्यतः आयटी आणि डिझाइनची कामं. पिंपरी-भोसरीत जुने कारखाने आणि शेकडो लहान मशिन शॉप. चाकणला महिंद्रा, बजाज, मर्सिडीज, फोक्सवॅगन आणि त्यांना माल पुरवणाऱ्या कंपन्यांचा मोठा पसारा. तळेगाव त्याच्या पश्चिमेला. रांजणगाव मात्र नगर रस्त्यावर, अगदी दुसऱ्या टोकाला. मोशी भोसरी आणि चाकणच्या मध्ये येतं. मोशीत राहून चाकण किंवा भोसरी रोज जमेल, तळेगावही जमवता येईल. रांजणगावला कंपनीची बस नसेल तर रोजचं जाणंयेणं अवघड. तेव्हा मेसेजमध्ये "पुणे" लिहून थांबू नये. चाकण, भोसरी, तळेगाव अशी नावं घ्यावीत आणि राहण्याची सोय आहे हेही लिहावं. जागा भरणाऱ्याला फ्रेशरबद्दल एक मोठी धास्ती असते, की हा रुजू होईल आणि खोली मिळत नाही म्हणून महिन्याभरात गावी परत जाईल. "मोशीत राहण्याची सोय आहे" या चार शब्दांनी ती धास्ती जाते. याच शहरात का, या प्रश्नाचंही तेच उत्तर आहे, वेगळं कारण देत बसायला नको.

मग मजकुराचा गाभा: तिला येतं काय? "मेहनती आणि शिकण्यास उत्सुक" हे सगळेच लिहितात, त्यामुळे दुसरा वाचक ते वाचतच नाही. या मुलीकडे मात्र एक गोष्ट आहे, जिची किंमत तिला स्वतःला नीटशी माहीत नाही. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या पुण्याच्या वाहन उद्योगाला कास्टिंग पुरवतात. सिलिंडर ब्लॉक, हाउसिंग, ब्रॅकेट असे भाग तिथे ओतले जातात, आणि पुण्यातल्या कंपन्यांचे सप्लायर क्वालिटीवाले लोक त्या फाउंड्र्यांत तपासणीला येत-जात असतात. फाउंड्रीत उभं राहून रिजेक्शनची नोंद केलेली मुलगी चाकणच्या सप्लायर क्वालिटी मॅनेजरला समोर हवी असते. त्याच्या खात्यात रोज याच तक्रारी येतात. इंटर्नशिपचं एक कोरडं प्रमाणपत्र म्हणून ती रेझ्युमेच्या तळाशी टाकण्यापेक्षा मेसेजच्या दुसऱ्याच ओळीत आणावी.

पण तिथे काय केलं तेवढंच लिहावं. तिने सहा आठवडे रोजच्या रिजेक्शनची दोषानुसार नोंद केली, त्याचा पॅरेटो चार्ट काढला, सर्वांत जास्त माल ब्लो होलमुळे जातो हे दाखवलं, आणि वाळूच्या चाचणीच्या नोंदींशी ते ताडून पाहिलं. हे खरं काम आहे. यापुढे जाऊन "रिजेक्शन ४० टक्के कमी केलं" असं लिहिण्याचा मोह होतो, कारण इंटरनेटवरचे नमुना रेझ्युमे तसंच शिकवतात. अनुभवी माणूस लगेच ओळखतो, की सहा आठवड्यांत इंटर्नच्या हातून असं काही होत नाही. तो विचारतो, वाळूतला ओलावा किती होता? हिरव्या वाळूत तो साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास ठेवतात. वाढला की ओतताना वाफ होते, वाळूची हवा जाऊ देण्याची क्षमता कमी असेल तर ती बाहेर पडत नाही आणि धातूत पोकळी राहते. तो पुढे विचारतो, मग ब्लो होल आणि श्रिंकेज यातला फरक डोळ्यांनी कसा ओळखलास? ब्लो होलच्या पोकळीच्या भिंती बहुधा गुळगुळीत असतात, श्रिंकेजची पोकळी खडबडीत आणि वेडीवाकडी असते. ज्या ओळीवर असे दोन-तीन प्रश्न पेलतील, तेवढीच ओळ मेसेजमध्ये घालावी, हा माझ्या मते उत्तम निकष आहे. तिने खरोखर वाळूच्या नोंदी पाहिल्या आहेत, म्हणून ती ओळ राहते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकदा लांबून पाहिलेलं सीएमएम मशिन राहत नाही.

आता मेसेज असा होतो:

"नमस्कार. मी मेकॅनिकल, २०२५ बॅच. चाकण, भोसरी किंवा तळेगाव इथे क्वालिटी किंवा सप्लायर क्वालिटीत ट्रेनी म्हणून जागा शोधते आहे.

शिरोलीच्या फाउंड्रीत ६ आठवडे इंटर्नशिप केली. कास्टिंग रिजेक्शनची दोषानुसार नोंद, पॅरेटो, आणि ब्लो होलच्या कारणांसाठी वाळूच्या चाचण्यांशी पडताळणी हे काम केलं. ड्रॉइंग वाचता येतं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज वापरले आहेत.

सीजीपीए ७.४, बॅकलॉग नाही. मोशीत राहण्याची सोय आहे. शिफ्ट चालेल. लगेच रुजू होऊ शकते.

आपल्या किंवा आपल्या सप्लायरच्या कंपनीत अशी जागा असेल, किंवा क्वालिटीत काम करणारं कुणी ओळखीचं असेल, तर कृपया मला पर्सनल मेसेज करावा. हा मजकूर पुढे पाठवला तरी चालेल."

शेवटी तिचं नाव, आणि सोबत एका पानाचा रेझ्युमे. रेझ्युमे इंग्रजीत, कारण कंपनीत तो त्याच भाषेत फिरणार आहे. फाइलच्या नावाकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, पण एचआरच्या मोबाइलमध्ये `Resume_final_new2.pdf` नावाच्या पन्नास फाइली असतात. फाइलच्या नावात स्वतःचं नाव आणि पुढे `Mech2025_Quality_Pune` एवढं असलं की महिन्यानंतरही शोधता येते. आधार, पॅन, गुणपत्रिका ग्रुपवर टाकू नयेत. या टप्प्यावर त्या कुणालाच लागत नाहीत, आणि सहाशे अनोळखी मोबाइलमध्ये त्या कायमच्या पडून राहतात.

मजकुराची लांबीही मुद्दाम एवढीच ठेवली आहे. लांब मेसेज आला की व्हॉट्सअॅप त्याचा सुरुवातीचा भाग दाखवतं आणि बाकीचा झाकून ठेवतं. म्हणून काम, बॅच आणि ठिकाण पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. सीजीपीए आणि बॅकलॉगची ओळ काहींना लाजिरवाणी वाटते, गुण कमी असतील तर ते लपवावेसे वाटतात. पण बऱ्याच कंपन्यांत फ्रेशरसाठी दहावीपासून साठ टक्क्यांची किंवा बॅकलॉग नसण्याची अट असते. अट पूर्ण होत नसेल तर ते चौथ्या फेरीत कळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. लहान आणि मध्यम कारखाने सहसा इतकी कडक अट धरत नाहीत, आणि सीनियरला आकडा माहीत असला तर तो मेसेज योग्य दारी नेऊ शकतो.

टाकायचा कधी? पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक भागात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी टाकलेला मेसेज कारखान्यातल्या सीनियरपर्यंत निवांत वेळी पोचतो. रविवारी सकाळी तो कामावर असतो, आणि ग्रुप सुप्रभातच्या चित्रांनी भरलेला असतो. महिनाही पाहावा. कॅम्पसमधून निवडलेली मुलं जुलै-ऑगस्टमध्ये रुजू होतात, आणि त्यातली काही ऐनवेळी येत नाहीत किंवा लगेच सोडतात. या रिकाम्या जागांची जाहिरात सहसा निघत नाही, खात्यातच कुणाला तरी विचारून त्या भरल्या जातात.

इतकं सगळं नीट करूनही ग्रुपवरून उत्तर येणार नाही, अशी शक्यता बरीच आहे. याचं कारण माणसांच्या गर्दीत आहे. १९६८ साली न्यू यॉर्कमध्ये जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. इंटरकॉमवरून बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याला झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतो आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यातले ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यातले फक्त ३१ टक्के. जिवावर बेतल्यासारख्या प्रसंगी पाच जणांत असं होत असेल, तर सहाशे जणांच्या ग्रुपवर नोकरीच्या मेसेजचं काय होणार? प्रत्येक सीनियर समजतो की दुसरा कुणीतरी बघेल.

म्हणून ग्रुपवरचा मेसेज ही फक्त सुरुवात. त्याच दिवशी, त्याच मजकुराच्या आधारे, निवडक माणसांना एकेकट्याने लिहायचं. माणसं शोधायला लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर Alumni असा विभाग असतो. तिथे शहर, कंपनी आणि कामाचं क्षेत्र निवडून आपल्या कॉलेजचे कोण कुठे आहेत ते गाळून पाहता येतं. ही यादी ग्रुपच्या यादीशी ताडून पाहिली की चाकणच्या क्वालिटी खात्यांतले मोजके लोक हाती लागतात.

त्यातही आधी कुणाला लिहायचं, याचं उत्तर एका नव्या आणि खूप मोठ्या अभ्यासातून मिळतं. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवरचं संशोधन छापून आलं. ग्रॅनोव्हेटरचं म्हणणं त्यात मुख्यतः खरं ठरलं, पण दोन सुधारणांसह. अगदी विरळ ओळखीपेक्षा मध्यम विरळ ओळख, म्हणजे ज्या माणसाशी आपले काही समान परिचित आहेत अशी, नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरली. आणि आयटीसारख्या डिजिटल उद्योगांत विरळ ओळखी जास्त कामी आल्या, तर कमी डिजिटल उद्योगांत घट्ट ओळखींचा प्रभाव जास्त दिसला. कारखान्यात काम शोधणाऱ्या या मुलीने हे मनावर घ्यावं. पंधरा वर्षांपूर्वी पास झालेल्या मोठ्या पदावरच्या साहेबांच्या आधी तिने दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या ताईला लिहावं, जिने त्याच सरांकडे प्रोजेक्ट केला, किंवा जी त्याच हॉस्टेलमध्ये होती. तिला मुलीबद्दल कॉलेजात कुणालातरी विचारता येतं, आणि मग ती मॅनेजरसमोर स्वतःच्या शब्दावर नाव घेऊ शकते.

त्या ताईला लिहिताना नोकरी मागू नये. मागितली की तिला "नाही" म्हणावं लागतं, किंवा गप्प बसावं लागतं. माहिती मागावी, जी ती नक्की देऊ शकते:

"नमस्कार ताई, मी आपल्या कॉलेजची मेकॅनिकल २०२५. तुम्ही चाकणला सप्लायर क्वालिटीत आहात हे ग्रुपवरून कळलं. मी शिरोलीच्या फाउंड्रीत ६ आठवडे रिजेक्शनचं काम पाहिलं आहे आणि त्याच क्षेत्रात सुरुवात करायची आहे. तुमच्या खात्यात फ्रेशरला कोणत्या जागेवर आणि कुठल्या मार्गाने घेतात, हे फोनवर दहा मिनिटं विचारलं तर चालेल का? गुरुवारी किंवा तुम्हाला सोयीच्या वेळी करेन."

"कुठल्या मार्गाने" हे शब्द तिथे मुद्दाम आहेत. मोठ्या कारखान्यात फ्रेशर मुख्यतः तीन दारांनी आत येतो: कंपनीच्या पेरोलवर ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून, सरकारी योजनेखाली वर्षभराचा अॅप्रेंटिस म्हणून, किंवा एखाद्या ठेकेदार कंपनीच्या पेरोलवर, ज्याला सगळे ऑफ-रोल म्हणतात. तिन्ही ठिकाणी काम कधीकधी तेच असतं, खुर्चीही शेजारची असते. पण अॅप्रेंटिसला १९६१च्या कायद्याप्रमाणे विद्यावेतन मिळतं, त्याचा पीएफ कापला जात नाही आणि वर्षानंतर कंपनीने त्याला कायम घेतलंच पाहिजे असं बंधन नसतं. ऑफ-रोल माणसाच्या पगारपत्रकावर चाकणच्या नावाजलेल्या कंपनीचं नाव नसतंच. यातलं काही घेऊ नये असं मी म्हणणार नाही. चांगल्या क्वालिटी खात्यातलं वर्षभराचं अॅप्रेंटिसशिप पुढच्या नोकरीला फार उपयोगी पडतं. पण आपण कोणत्या दाराने आत जातो आहोत हे रुजू होण्याआधी माहीत असावं, आणि त्या खात्यातले गेल्या वर्षीचे अॅप्रेंटिस आज कुठे आहेत, हे ताईच सांगू शकते.

फोनवर आणखी एक गोष्ट विचारायची: कंपनीत रेफरल चालतो का? अनेक मोठ्या कंपन्यांत कर्मचारी आपल्या ओळखीच्या उमेदवाराचं नाव अंतर्गत पोर्टलवर टाकतो, आणि तो उमेदवार टिकला तर त्याला बक्षिसाची रक्कम मिळते. यात एक खाच आहे, जी नव्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही. उमेदवाराचा ईमेल किंवा मोबाइल नंबर आधीच त्या यंत्रणेत असेल, मग तो कंपनीच्या वेबसाइटवरून स्वतः भरलेला असो की एखाद्या कन्सल्टन्सीने टाकलेला असो, तर बऱ्याच ठिकाणी काही महिने त्याचा रेफरल धरलाच जात नाही. मुलं आधी रात्रभर बसून वीस कंपन्यांच्या वेबसाइटवर अर्ज भरतात आणि मग सीनियरला म्हणतात, रेफर करा. सीनियर पोर्टलवर नंबर टाकतो आणि "हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे" असं उत्तर येतं. म्हणून क्रम उलटा ठेवावा. ज्या कंपनीत ओळखीचा माणूस आहे, तिथे आधी त्याला विचारावं. ज्या कंपनीत कुणीच नाही, तिथे स्वतः अर्ज भरावा. आणि कन्सल्टन्सीला रेझ्युमे देताना तो कोणत्या कंपन्यांत पाठवणार, हे विचारून घ्यावं.

कन्सल्टन्सीचा विषय निघालाच आहे, तर ग्रुपवर मेसेज टाकला की दोन-चार दिवसांत येणाऱ्या फोनबद्दल सांगायला हवं. ग्रुपमधल्या कुणीतरी रेझ्युमे कुठेतरी पुढे पाठवलेला असतो, आणि पलीकडून अनोळखी आवाज म्हणतो, "चाकणच्या मोठ्या कंपनीत जागा आहे, सोमवारी जॉइनिंग, फक्त रजिस्ट्रेशन आणि युनिफॉर्मचे दीड हजार आजच भरा." ओळखायची खूण एकच पुरेशी आहे, ती म्हणजे मुलाखतीआधी मागितलेले पैसे. शंका असेल तर त्या कंपनीत असलेल्या सीनियरला एचआर विभागात विचारायला सांगावं. ग्रुपचा हाही एक मोठा उपयोग आहे. कंपनीच्या नावाचा, पण जीमेलवरून आलेला ईमेल हीही तशीच खूण.

धरू की ताईने फोन घेतला, तिच्या खात्यात जागा नव्हती, पण तिने तो मेसेज कास्टिंग पुरवणाऱ्या भोसरीच्या एका मशिन शॉपच्या क्वालिटी हेडला पाठवला. मधला माणूस एकच राहिला. क्वालिटी हेडने भोसरीत बोलावलं, एक ब्रॅकेट हातात दिला आणि मायक्रोमीटरने बोअरजवळची जाडी मोजायला सांगितली. मुलीने आधी शून्य तपासलं, मग तीन ठिकाणी मोजलं. पगार चाकणच्या मोठ्या कंपनीपेक्षा कमी, पण कंपनीच्याच पेरोलवर. दोन दिवसांनी दुसऱ्या एका सीनियरकडून चाकणची अॅप्रेंटिसची जागा आली. विचार करून तिने भोसरी घेतली, कारण तिथे ती स्वतः रिजेक्शन मीटिंगला बसणार होती.

आता मेसेजचा शेवटचा भाग उरतो, जो बहुतेक जण लिहीतच नाहीत. ताईला त्याच संध्याकाळी कळवायचं, कारण तिने मॅनेजरसमोर नाव घेतलं आहे आणि पुढच्या वर्षी कुणी दुसरी विचारेल तेव्हा ती या अनुभवावरून ठरवेल. ज्याने चाकणची जागा सांगितली त्याला नकार स्पष्ट द्यायचा, म्हणजे ती जागा अडून राहत नाही. आणि ग्रुपवर एक ओळ टाकायची, जुन्या मेसेजला रिप्लाय म्हणून, म्हणजे तिचा रेझ्युमे अजूनही पुढे ढकलणारे थांबतील: "सर्वांचे आभार. भोसरीत क्वालिटीत रुजू झाले. चाकणला क्वालिटी अॅप्रेंटिसची एक जागा अजून रिकामी आहे, २०२५ मेकॅनिकल, बॅकलॉग नको. कुणाला हवी असेल त्यांनी मला पर्सनल मेसेज करावा, संपर्क देते."